धक्कारोधक डिजिटल घड्याळे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धक्का सोसण्याच्या क्षमतेबद्दल दणकट डिजिटल घड्याळे वापरणारे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. उदाहरणे मुख्यतः कॅसिओच्या जी-शॉक मालिकेची आहेत, कारण बहुतेक पत्रे तिच्याबद्दलच येतात. चाचण्यांविषयीचा मजकूर मात्र कोणत्याही कंपनीच्या घड्याळाला लागू पडतो.

१. घड्याळावर ‘शॉक रेझिस्टंट’ लिहिलेले असते, म्हणजे नेमके काय?

सर्वसाधारण घड्याळांच्या बाबतीत या शब्दांमागे आयएसओ १४१३ हे आंतरराष्ट्रीय मानक असते. घड्याळ एक मीटर उंचीवरून, म्हणजे साधारण टेबलापेक्षा थोड्या अधिक उंचीवरून, कठीण लाकडाच्या सपाट पृष्ठभागावर चुकून पडले तर त्याला जो धक्का बसेल, तो सोसून ते चालू राहावे आणि त्याच्या वेळेत ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक फरक पडू नये, एवढीच या मानकाची अपेक्षा आहे. घड्याळ हातातून सुटून एकटे पडले आहे, हे यात गृहीत धरलेले आहे. दगडावर, पायरीच्या कडेवर किंवा मनगटासकट आपटणे यांविषयी हे मानक काहीच सांगत नाही, आणि लोकांचे बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात.

२. ही चाचणी प्रत्यक्षात घड्याळ खाली टाकून करतात का?

नाही. खाली टाकलेले घड्याळ प्रत्येक वेळी वेगळ्या कोनात आपटते, त्यामुळे दोन निकालांची तुलना करता येत नाही. म्हणून लंबकासारखा झुलणारा ३ किलो वजनाचा हातोडा वापरतात. तो घड्याळावर सेकंदाला ४.४३ मीटर वेगाने आदळतो. एक मीटर उंचीवरून पडलेली वस्तू जमिनीला टेकताना तिचा वेग नेमका एवढाच असतो. एक फटका कडेवर, ९च्या आकड्याच्या बाजूने, आणि दुसरा समोरून थेट काचेवर बसतो. घड्याळ घट्ट आवळलेले नसते. फटका बसताच ते सुटून उडते आणि पुढे ठेवलेल्या मऊ अडसरात जाऊन थांबते. हे सुटून उडणे फार महत्त्वाचे आहे, कारण हातोड्याच्या ऊर्जेचा अगदी छोटा भागच घड्याळाच्या वाट्याला येतो. आठव्या उत्तरात हा मुद्दा पुन्हा लागेल.

आणखी एक गोष्ट ग्राहकांना सहसा ठाऊक नसते. ही चाचणी मॉडेलला मान्यता देण्यासाठी आहे, तयार होणाऱ्या प्रत्येक नगाची तपासणी करण्यासाठी नाही. तुमच्या हातातल्या घड्याळाने हातोड्याचा फटका खाल्लेला नसतो. त्याच्या जातीच्या नमुन्याने खाल्लेला असतो.

३. जी-शॉक १० मीटरवरून पडले तरी फुटत नाही असे ऐकतो. हा आकडा कोठून आला?

हा आकडा मानकातला नाही. तो कंपनीने स्वतःसमोर ठेवलेल्या उद्दिष्टातला आहे. किकुओ इबे या अभियंत्याने १९८१ मध्ये हे काम सुरू केले. त्यांच्यासमोर ‘ट्रिपल टेन’ नावाचे लक्ष्य होते : १० मीटरवरून पडणे सोसावे, १० बारचा पाण्याचा दाब सोसावा आणि सेल १० वर्षे टिकावा. जपानमधील हामुरा येथील संशोधन केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावरील शौचालयाच्या खिडकीतून नमुने खाली टाकले जात आणि मग खाली जाऊन ते उचलून पाहिले जात. सुमारे २०० नमुने असे खर्ची पडल्यावर एप्रिल १९८३ मध्ये डीडब्ल्यू-५०००सी हे पहिले मॉडेल बाजारात आले.

मात्र घड्याळावर कोरलेले असते ते फक्त ‘शॉक रेझिस्ट’. उंचीचा आकडा तेथे नसतो. त्यामुळे ‘दहा मीटर’ हा त्या घडणीमागचा हेतू समजावा. आपल्या नगाला मिळालेले लेखी वचन समजू नये. गच्चीवरून टाकून पाहण्याचा मोह काही जणांना होतो. घड्याळ बहुधा वाचते. परंतु खाली सपाट अंगण आहे की खडीचा ढीग, यावर सारे अवलंबून असते, आणि फुटले तर तक्रारीला जागा राहत नाही.

४. आत असे काय असते की ज्यामुळे ते वाचते?

धक्क्याची तीव्रता केवळ उंचीवर ठरत नाही. पडणारी वस्तू किती अंतरात थांबते, यावरही ती ठरते. १० मीटरवरून पडलेले घड्याळ जमिनीला टेकताना ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगात असते. त्यातील यंत्र एका मिलिमीटरमध्ये थांबले, तर त्याला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १०,००० पट झटका बसतो. तेच ५ मिलिमीटरमध्ये थांबले, तर झटका २,००० पटींवर येतो. म्हणजे घड्याळ वाचवणे म्हणजे हे चार-पाच मिलिमीटर कोठून तरी पैदा करणे होय.

जी-शॉकमध्ये ते टप्प्याटप्प्याने मिळवले आहेत. बाहेरचे युरेथेनचे आवरण थोडे दबते. त्याच्या आत कवच असते, आणि कवचात यंत्र घट्ट बसवलेले नसते. मऊ आवरणाच्या काही मोजक्या उंचवट्यांवर ते टेकलेले असते आणि बाकी सभोवती पोकळी असते. बागेत एक मुलगी चेंडू आपटत होती. चेंडूच्या मधोमध जी वस्तू असेल तिला धक्का पोहोचणार नाही, ही कल्पना इबे यांना ते पाहून सुचली, असे ते सांगत आले आहेत.

दुसरी युक्ती बाहेरच्या आकारात आहे. कड काचेपेक्षा उंच ठेवलेली असते आणि बटणे खोलगट जागेत असतात, त्यामुळे घड्याळ सपाट जमिनीवर कसेही पडले तरी काच किंवा बटण प्रथम टेकत नाही. या वाक्यातला ‘सपाट’ हा शब्द लक्षात ठेवावा.

५. मग काच का फुटते? माझे घड्याळ तर कमरेच्या उंचीवरूनच पडले होते.

कारण जमीन सपाट नव्हती. उंच कड काचेला सपाट फरशीपासून वाचवते. टोकदार दगड, लोखंडी गजाचे टोक किंवा पायरीचा कोपरा कडेच्या आत घुसून थेट काचेला लागतो. बहुतेक मॉडेलांची काच खनिज काच असते. पसरलेला दाब ती चांगला सोसते, पण एका बिंदूवर आलेला घाव तिला झेपत नाही. आपल्या सह्याद्रीत ट्रेक करणाऱ्यांची पत्रे याच तक्रारीची असतात. बेसॉल्टच्या कातळावर उतरताना मनगट घासते आणि एखादी धारदार कड नेमकी काचेवर येते. घड्याळाचा दर्जा हलका होता असा याचा अर्थ नाही; तो प्रसंग चाचणीच्या कक्षेतच नव्हता.

वॉरंटीबद्दलही येथेच सांगतो. काच, बाहेरचे आवरण आणि पट्टा यांची अपघाती तूटफूट वॉरंटीतून सहसा वगळलेली असते. विकत घेताना कार्डाची मागची बाजू वाचावी.

६. ‘मिलिटरी ग्रेड’ किंवा ‘मिल-एसटीडी-८१०’ लिहिलेले घड्याळ अधिक मजबूत असते का?

असेलही; पण तेवढ्या शब्दांवरून ते कळत नाही. मिल-एसटीडी-८१० हा अमेरिकी संरक्षण खात्याचा चाचणीपद्धतींचा मोठा संग्रह आहे. त्यात उष्णता, थंडी, पाऊस, धूळ, धक्का, कंप अशा अनेक स्वतंत्र पद्धती आहेत, आणि कोणती पद्धत किती कडकपणे लावायची हे वस्तूच्या वापरानुसार ठरवावे, असे तो संग्रह स्वतःच सांगतो. प्रमाणपत्र देणारी कोणतीही संस्था त्यामागे नाही. कंपनी हव्या त्या दोन पद्धती निवडून, स्वतः चाचणी करून हे नाव छापू शकते.

धक्क्यांची पद्धत ५१६ क्रमांकाची आहे. तिच्यातील पडण्याची चाचणी अशी : हलकी वस्तू १२२ सेंटिमीटरवरून, खाली टणक आधार असलेल्या प्लायवूडवर, एकूण २६ वेळा टाकायची. ठोकळ्याच्या ६ बाजू, १२ कडा आणि ८ कोपरे मिळून हे २६ होतात. ऐकायला हे भारी वाटते, पण हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून घेण्याची मुभा आहे. म्हणजे एका नगाला पाच-सहाच आघात बसले असण्याची शक्यता असते. कंपाची पद्धत ५१४ क्रमांकाची असून ती पूर्णपणे वेगळी आहे. म्हणून विक्रेत्याला ‘८१० आहे का’ असे न विचारता ‘कोणती पद्धत, किती उंची, किती नग’ असे विचारावे. उत्तर मिळत नसेल, तर ते नाव केवळ शोभेचे समजावे, असे माझे मत आहे.

७. मी रोज मोटारसायकलवर तासभर प्रवास करतो. कंपनांमुळे घड्याळ बिघडेल का?

मनगटावर असेल तर काळजीचे कारण नाही. वेळ मोजणारा क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. एका सिलिंडरच्या इंजिनाचा कंप मिनिटाला ४,००० फेऱ्यांवरसुद्धा सेकंदाला ६७च्या आसपास असतो. या दोन आकड्यांत एवढे अंतर आहे की इंजिनाच्या कंपामुळे स्फटिकाची लय बिघडत नाही. शिवाय हाताचे मांस हे स्वतःच उत्तम उशीचे काम करते.

तेच घड्याळ हँडलच्या नळीवर बांधले की गोष्ट बदलते, कारण ही उशी निघून जाते आणि कंप थेट कवचात उतरतो. यंत्र तरीही बहुधा चालू राहते. सैल होतात ते मागच्या झाकणाचे चार बारीक स्क्रू आणि पट्टा धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगच्या पिना. पावले मोजणारे मॉडेल असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर ते आकडा वाढवते. हा बिघाड नव्हे. हादरा आणि पाऊल यांतला फरक त्याला दर वेळी ओळखता येत नाही.

ब्रेकर किंवा मोठे ड्रिल चालवणाऱ्यांसाठी वेगळे सांगायला हवे. ब्रेकर मिनिटाला हजारांहून अधिक ठोके देतो आणि ते तासन्‌तास चालतात. आयएसओ १४१३ मध्ये दोन फटके आहेत, लाखो नाहीत. एकेक मोठा धक्का सोसणे आणि सततचा कंप सोसणे या दोन भिन्न क्षमता आहेत. कॅसिओच्या वैमानिकांसाठी काढलेल्या काही मॉडेलांवर ‘ट्रिपल जी रेझिस्ट’ असे लिहिलेले असते. त्यात धक्का, केंद्रोत्सारी बल आणि कंप अशा तिन्हींचा दावा आहे. कंपाचा स्वतंत्र उल्लेख तेथे करावा लागतो, यातच बाकीच्यांबद्दलचे उत्तर आले. असे काम रोज असेल तर घड्याळ काढून खिशात ठेवावे, किंवा निदान दर महिन्याला स्क्रू आणि पट्ट्याच्या पिना तपासाव्यात.

८. दुचाकीवरून पडलो आणि मनगट रस्त्यावर आपटले. ताशी ४० किलोमीटर वेग होता. घड्याळ १० मीटरचे असूनही बंद का पडले?

हा सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि तो सावकाश सोडवण्यासारखा आहे. प्रथम वेग पाहू. ताशी ४० किलोमीटर हा पुढे जाण्याचा वेग आहे. हात खाली आला तो साधारण एका मीटरवरून, म्हणजे जमिनीवर आपटण्याचा त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच होता. पुढचा वेग आपटण्यात नव्हे, घासण्यात खर्च झाला. म्हणून अशा अपघातात बाहेरचे आवरण कानशीने घासल्यासारखे दिसते. समोर खांब किंवा दुभाजक असता आणि घड्याळ थेट त्यावर आदळले असते, तर मात्र तो धक्का साधारण सव्वासहा मीटरवरून पडण्याइतका झाला असता.

तर मग एका मीटरच्या पडण्यात घड्याळ का हरले? त्याचे कारण वजन. सुटे घड्याळ साधारण ५० ग्रॅमचे असते आणि एका मीटरवरून पडताना त्याच्याजवळ अर्धा जूल ऊर्जा असते. १० मीटरवरून पडले तरी ५ जूल. परंतु मनगटावर बांधलेल्या घड्याळामागे अख्खा हात येतो. हाताचे वजन साडेतीन किलो धरले, तर एका मीटरसाठी ३४ जूल होतात. हे सारे घड्याळात उतरत नाही, कारण कोपर वाकते आणि तळहातही थोडा भार घेतो. पण चौथा हिस्सा जरी उतरला, तरी तो १० मीटरच्या पडण्यापेक्षा अधिक होतो.

दुसऱ्या उत्तरातील हातोड्याची ऊर्जाही सुमारे २९ जूल, म्हणजे जवळपास एवढीच असते. तेथे घड्याळ उडून जाऊन सुटते. येथे खाली डांबर आणि वर हाड, त्यामुळे सुटायला वाट नाही. मऊ आवरण पूर्ण दबले की चौथ्या उत्तरातले ते चार-पाच मिलिमीटर संपतात, आणि उरलेला झटका थेट यंत्राला बसतो.

९. गाडीखाली चिरडूनही जी-शॉक चालते, असा व्हिडिओ पाहिला. तो खरा असतो का?

खरा असू शकतो. २०१७ मध्ये २४.९७ टनांचा ट्रक डीडब्ल्यू-५६००ई या घड्याळावरून नेण्याचा विक्रम गिनीजने नोंदवला आहे. मात्र घड्याळावर २५ टन आले असा त्याचा अर्थ नाही. वजन सर्व चाकांत वाटलेले असते आणि मऊ टायर घड्याळाच्या सभोवती पसरून जमिनीलाही टेकतो, त्यामुळे घड्याळावर येतो तो मुख्यतः टायरमधल्या हवेचा दाब. शिवाय हा हळूहळू येणारा दाब आहे, धक्का नव्हे. दाराच्या फटीत सापडणे किंवा पट्ट्याच्या यंत्रात अडकणे यांची तुलना याच्याशी करू नये.

१०. घड्याळ पडल्यावर वेळ आपोआप बदलली, किंवा आकड्यांच्या काही रेघा दिसेनाशा झाल्या. काय बिघडले असेल?

या दोन लक्षणांची कारणे वेगळी आहेत. वेळ आणि तारीख एकदम मूळ स्थितीला गेली असेल, तर धक्क्याच्या क्षणी सेल आणि त्याला टेकणारी पत्र्याची स्प्रिंग यांचा संपर्क निमिषभर तुटला. एकदाच झाले असेल तर वेळ लावून वापरत राहावे. टेबलावर हलकेच आपटले तरी पुन्हा होत असेल, तर स्प्रिंग सैल झाली आहे किंवा सेल नीट बसलेला नाही.

आकड्यांच्या रेघा गायब होत असतील, तर संशय पडद्याखालच्या रबरी पट्टीवर घ्यावा. वीज नेणारे आणि न नेणारे थर तिच्यात आलटून पालटून असतात; पडदा आणि सर्किट बोर्ड यांना तीच जोडते. धक्क्याने ती तसूभर सरकली की काही रेघांना वीज पोहोचत नाही. पट्टी पुसून जागेवर बसवली की बहुतेक वेळा काम होते. पडद्यावर शाईसारखा काळा डाग पसरला असेल, तर मात्र पडदाच फुटलेला आहे आणि तो बदलण्यावाचून उपाय नाही.

११. सेल बदलून घेतल्यावर धक्का सोसण्याची क्षमता टिकते का?

सारे सुटे भाग जागच्या जागी परत गेले तर टिकते. झाकणाच्या आत, यंत्राच्या पाठीवर एक रबरी गादी असते. घाईत ती दुकानाच्या काचेवरच राहून जाते, आणि मग यंत्र कवचात मागेपुढे हलू लागते. कानाशी धरून घड्याळ हलवावे. पूर्वी नसलेली खुळखुळ ऐकू येत असेल तर गादी राहिली असे समजावे. अलार्मचा आवाज बंद झाला असेल, तर झाकणाला टेकणारी केसासारखी बारीक स्प्रिंग हरवली आहे. ती उडून गेली तर दिवसभर शोधूनही सापडत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे.

१२. जोरात पडल्यानंतर तेच घड्याळ पोहताना घालावे का?

लगेच घालू नये. पाणी अडवणारी रबरी कडी झाकणाखाली दबून बसलेली असते, आणि मोठ्या धक्क्याने झाकण किंवा कडी किंचित सरकू शकते. बटणावर घाव बसला असेल तर त्याची दांडी वाकून तेथून पाणी शिरते. घरी ढोबळ परीक्षा करता येते : घड्याळ हातावर चांगले उबदार होऊ द्यावे, काचेवर थंड पाण्याचा थेंब मिनिटभर ठेवावा आणि पुसून पाहावे. काचेच्या आतल्या बाजूने धुके दिसले, तर आत ओल आधीच शिरली आहे. धुके न दिसणे म्हणजे मात्र घड्याळ पाण्यासाठी सुरक्षित आहे, असे नव्हे. त्यासाठी दाबाची तपासणीच करून घ्यावी लागते.

१३. पंधरा वर्षांपूर्वीचे घड्याळ अजून चालते. त्याची धक्का सोसण्याची क्षमता तेवढीच असेल का?

चाचणी नव्या नमुन्याची झालेली असते, आणि उशीचे काम करणारे युरेथेन हा कायम टिकणारा पदार्थ नाही. हवेतील ओलाव्याने त्याची रासायनिक साखळी हळूहळू तुटते, त्यामुळे दमट हवेत, उदाहरणार्थ कोकण किंवा गोव्यात, वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेले घड्याळही वापराविना ठिसूळ होते. बाहेरचे आवरण नखाने दाबून पाहावे. ते चिकट लागले, त्यावर बारीक भेगा दिसल्या किंवा स्क्रूभोवती तुकडा निघाला, तर त्याचा धक्का झेलण्याचा गुण संपत आला आहे. बाहेरचे आवरण आणि पट्टा बदलता येतात. जुन्या मॉडेलांचे मूळ भाग मिळणे मात्र कठीण होत जाते. आतले मऊ आवरण सहसा अधिक टिकते, कारण त्याला घाम आणि ऊन लागत नाही. सेल बदलताना झाकण उघडतेच, तेव्हा तेही दाबून पाहण्यास घड्याळजींना सांगावे.

१४. काटे आणि डिजिटल पडदा दोन्ही असलेले मॉडेल तेवढेच सोसते का?

कंपनीचा दावा तोच असतो, पण बिघाडाची एक जास्तीची वाट तेथे आहे. काटे छोट्या मोटरवर एकेक पाऊल पुढे सरकतात, आणि धक्क्याने काटा एखादे पाऊल चुकला तर पडद्यावरची वेळ बरोबर आणि काट्यांची चुकीची, असे दृश्य दिसते. काही मॉडेले काट्यांची जागा स्वतः तपासून दुरुस्त करतात. बाकीच्यांत माहितीपुस्तिकेप्रमाणे काटे हाताने मूळ जागी आणावे लागतात. धक्क्यांचे काम रोजचेच असेल, तर नुसता पडदा असलेले मॉडेल घ्यावे, असे मी सुचवीन.